सेल्स, भरती, ऑपरेशन्स: तिन्ही केलेल्या माणसाने रेझ्युमेत काय लिहावं?

एका कंपनीचं नाव, तीन वर्षांचा काळ आणि खाली चौदा ओळी. पहिली ओळ ग्राहक मिळवल्याची, दुसरी मुलाखती घेतल्याची, तिसरी गोदामातल्या शिफ्ट लावल्याची. पुढे बिलांचा पाठपुरावा, ऑफिससाठी जागा शोधणं, इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट, दोन नव्या मुलांना शिकवणं. लहान स्टार्टअपमध्ये पहिल्या आठ-दहा जणांत लागलेल्या माणसाचा रेझ्युमे बहुतेक वेळा असाच दिसतो. त्यातली प्रत्येक ओळ खरी असते आणि त्यामागची मेहनतही खरी असते. पण समोर शंभर अर्ज घेऊन बसलेल्या माणसाला त्या चौदा ओळींतून एकच प्रश्न पडतो: याला नेमकं कशासाठी घ्यायचं?

उत्तर चटकन सापडलं नाही, की अर्ज बाजूला पडतो. उमेदवार मात्र समजतो की आपला अनुभवच कमी पडला.

भारतातल्या स्टार्टअपमध्ये अशा नोकरीला वेगवेगळी नावं आहेत. कुठे ‘फाउंडर्स ऑफिस’, कुठे ‘चीफ ऑफ स्टाफ’, कुठे ‘बिझनेस ऑपरेशन्स’, तर कित्येक ठिकाणी नुसतं ‘एक्झिक्युटिव्ह’. संस्थापकाला जे काम आज सर्वांत जास्त अडतंय ते हाती घ्यायचं, मार्गी लावायचं आणि पुढच्याकडे वळायचं, असा या सगळ्यांचा गाभा. हे केवळ छोट्या शहरातल्या छोट्या कंपनीचं दुखणं नाही. 2010च्या जानेवारीत ट्रॅव्हिस कलानिक यांनी उबरसाठी ट्विटरवर माणूस शोधला, तेव्हा त्यांना प्रॉडक्ट सांभाळणारा आणि व्यवसाय वाढवणारा असा एकच जण हवा होता. रायन ग्रेव्ह्ज यांनी त्याला उत्तर दिलं आणि ते उबरचे पहिले कर्मचारी ठरले. त्याच वर्षी ते काही महिने कंपनीचे सीईओ होते आणि पुढे कित्येक वर्षं त्यांनी ऑपरेशन्सची धुरा सांभाळली. ग्रेव्ह्ज यांना आपलं काम कोणाला समजावून सांगायची फारशी गरज पडली नसेल, कारण उबर हे नावच पुरेसं बोलकं झालं. ज्याच्या कंपनीचं नाव मुलाखत घेणाऱ्याने ऐकलेलंही नाही, त्याला ही सोय नसते. हा लेख त्याच्यासाठी आहे.

अनेक कामं केली म्हणून माणूस कच्चा ठरतो का, याचा अभ्यास झालेला आहे आणि त्याचं उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नाही. मिंग लेउंग या समाजशास्त्रज्ञाने 2014 साली ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ईलान्स या संकेतस्थळावर फ्रीलान्सर कामासाठी अर्ज करत आणि तिथे प्रत्येकाने आधी कोणकोणती कामं कोणत्या क्रमाने केली हे दिसत असे. लेउंग यांना आढळलं की एकाच प्रकारचं काम करत राहिलेल्यांपेक्षा, आणि एकमेकांशी काही नातं नसलेल्या कामांत उड्या मारणाऱ्यांपेक्षाही, जवळच्या कामाकडे एकेक पाऊल सरकत गेलेल्यांना काम मिळण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे देणारे कामांची संख्या मोजत नव्हते. एका कामातून दुसरं कसं निघालं, हे त्यांना दिसावं लागत होतं.

दुसरा अभ्यास जेनिफर मर्लुझी आणि डेमन फिलिप्स यांचा, 2016 सालचा. अमेरिकेतल्या नामांकित एमबीए विद्यार्थ्यांपैकी इन्व्हेस्टमेंट बँकिंगकडे वळलेल्यांना त्यांनी तपासलं. पहिल्यापासून एकाच रेषेत चाललेल्यांपेक्षा मिश्र अनुभव असलेल्यांना नोकरीचे प्रस्ताव जास्त आले आणि बोनसही चांगला मिळाला. हे वाचून हुरळून जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या विद्यार्थ्यांच्या कुवतीची हमी मोठ्या संस्थेच्या पदवीने आधीच दिलेली होती, त्यामुळे त्यांचं वेगळेपण उठून दिसलं. पुण्यात बाणेरला दोन खोल्यांत चालणाऱ्या कंपनीतून आलेल्या मुलीसाठी अशी हमी देणारं कोणी नसतं. तिच्या रेझ्युमेलाच ते काम करावं लागतं आणि ते साधतं कामांच्या क्रमातून.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. ते रचलेलं आहे, आकडेही समजण्यापुरतेच आहेत. पण या क्षेत्रात वावरलेल्यांना त्यातला एकेक टप्पा ओळखीचा वाटेल.

पुण्यातली एक कंपनी हॉटेलांना भाजी पुरवते. नारायणगाव, मंचर भागातून माल येतो, रात्री गोदामात त्याची प्रतवारी होते आणि सकाळी नऊच्या आत टेम्पोने हॉटेलांच्या किचनमध्ये पोचतो. सांगलीहून बी.कॉम. होऊन आलेली एक मुलगी इथे सहावी कर्मचारी म्हणून लागते. अपॉइंटमेंट लेटरवर पद आहे ‘एक्झिक्युटिव्ह – ऑपरेशन्स’. तेव्हा ग्राहक आहेत 12, सगळे संस्थापकांच्या ओळखीचे. ऑर्डरच पुरेशा नाहीत, तर ऑपरेशन्स कसले सांभाळणार? म्हणून तिला विक्रीला पाठवतात. दुपारचं जेवण उरकून रात्रीची तयारी सुरू व्हायच्या आत, तीन ते पाचच्या दरम्यान शेफ मोकळे असतात, हे तिला लवकरच कळतं. ती त्याच वेळेत हॉटेलं गाठू लागते. दहा महिन्यांत ग्राहक 72 होतात. नव्या 60 पैकी 19 संस्थापकांनी आणले, 41 तिने.

मग गाडं अडतं. पुढच्या दोन महिन्यांत 15 हॉटेलं सोडून जातात. ती एकेका ठिकाणी जाऊन विचारते, तर भावाची तक्रार फार थोड्यांची. बहुतेकांचं म्हणणं एकच: कोथिंबीर मागवली तर पालक येतो, दहा किलो टोमॅटो सांगितले तर आठच येतात, आणि नऊ वाजता किचनमध्ये माल कमी असला की दिवसभराची घडी विस्कटते. रात्री गोदामात थांबून पाहिल्यावर कारण दिसतं. प्रतवारी करणाऱ्या दहा जणांपैकी दर महिन्याला चार जण काम सोडतात. रोज कोणीतरी नवखा माणूस ऑर्डर भरत असतो आणि त्याला कोणतं हॉटेल काय घेतं हे ठाऊक नसतं.

म्हणजे विक्रीचा प्रश्न भरतीत दडलेला होता. ती ठेकेदारामार्फत माणसं घेणं थांबवते, आहेत त्या कामगारांच्या ओळखीतून भरती करते आणि पहाटे शिफ्ट संपल्यावर घरी सोडायला गाडी लावते. महिन्याला चार माणसं जात होती, ती गळती एकावर येते. माणसं टिकल्यावर मग पद्धत बसवता येते: प्रत्येक हॉटेलचा वेगळा क्रेट, क्रेटवर नाव, गाडीत चढवण्याआधी दुसऱ्या माणसाने वजन तपासायचं. शंभर ऑर्डरमागे अकरा चुका होत होत्या, त्या तीनवर येतात. दुसरं वर्ष संपताना ग्राहक 96 झालेले असतात. तिसऱ्या वर्षी ती विक्रीसाठी एक आणि गोदामासाठी एक अशी दोन माणसं नेमते, दोन्ही कामं त्यांच्या हाती सोपवते आणि पिंपरी-चिंचवडमधलं दुसरं गोदाम सुरू करते.

हीच मुलगी रेझ्युमे लिहायला बसते तेव्हा काय लिहिते? ‘सेल्स, रिक्रूटमेंट आणि डेली ऑपरेशन्स सांभाळले. टीमसोबत काम करून कंपनीच्या वाढीत मोलाचा वाटा उचलला. व्हेंडर, कामगार आणि ग्राहक यांच्याशी समन्वय साधला.’ तीन वर्षांची एवढी जिवंत गोष्ट या तीन वाक्यांत पार विरून जाते.

यात चूक कुठे होते? तिने आपलं काम खात्यांच्या नावाखाली वाटून लिहिलं. खाती ही मोठ्या कंपनीची रचना आहे. तिथे विक्रीचा माणूस गोदामात जात नाही आणि एचआरला हॉटेलचा शेफ कधी मोकळा असतो हे माहीत असायचं कारण नाही. तिच्या कंपनीत खातीच नव्हती. तिथे दर टप्प्याला एक अडसर होता आणि तो दूर करणं हेच तिचं काम होतं. एलियाहू गोल्डरॅट यांनी 1984 साली आलेल्या ‘द गोल’ या कादंबरीत कारखान्याच्या संदर्भात हाच विचार मांडला होता. सगळ्या यंत्रणेचा वेग तिच्यातला सर्वांत अरुंद टप्पा ठरवतो आणि तो मोकळा केला की अडसर दुसरीकडे सरकतो. आधी ग्राहक नव्हते, मग माणसं टिकत नव्हती, मग पद्धत नव्हती. तिन्ही वेळा प्रश्न एकच होता: जोडलेलं हॉटेल टिकलं पाहिजे. हा धागा सांगितला की विक्री, भरती आणि ऑपरेशन्स ही तीन सुटी कामं उरत नाहीत.

म्हणून तिच्या रेझ्युमेत कंपनीच्या नावाखाली सर्वांत आधी एक ओळ यायला हवी: ‘हॉटेलांना ताजी भाजी पुरवणारी पुण्यातली कंपनी, सहावी कर्मचारी, दोन वर्षांत ग्राहक 12 वरून 96.’ कंपनी काय करते हे यातूनच कळतं. ही ओळ लिहायला बहुतेक जण विसरतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते उघड असतं. वाचणाऱ्याला मात्र कंपनीच्या नावावरून ती भाजी विकते की सॉफ्टवेअर हे समजत नाही. त्या ओळीखाली तीन टप्पे, प्रत्येकी दोन ओळींत. पहिल्या ओळीत काय अडलं होतं आणि दुसरीत तिने काय केलं, त्यातून काय बदललं. उदाहरणार्थ: ‘दोन महिन्यांत 15 ग्राहक गेले, कारण शोधलं तर गोदामातली माणसं टिकत नव्हती. भरतीची पद्धत आणि घरी सोडण्याची सोय बदलून दरमहा गळती दहात चारवरून एकावर आणली.’ यात ‘समन्वय’ नाही, ‘मोलाचा वाटा’ नाही, आणि तरीही तिचा वाटा स्वच्छ दिसतो.

ऑफिसची जागा, इन्स्टाग्राम, जीएसटीची बिलं यांचं काय? ती कामं तिने केली हे खरं, पण ती या धाग्यात बसत नाहीत. ती गाळावीत. केलेलं काम लिहायचं नाही हे मनाला लागतं, विशेषतः ज्याने सुट्टीच्या दिवशी जाऊन ते केलं असेल त्याच्या. पण अशी प्रत्येक ओळ वाचणाऱ्याला मुख्य गोष्टीपासून थोडी दूर नेते. लहान कंपनीत सगळेच सगळं करतात हे त्यालाही माहीत असतं, ते लिहून नवं काहीच कळत नाही.

पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे: ती नोकरी कोणती शोधते आहे? गोष्ट एकच असली तरी तिचा कणा प्रत्येक अर्जासाठी वेगळा निवडावा लागतो. एखाद्या क्विक कॉमर्स कंपनीत शहराचं ऑपरेशन्स सांभाळायची जागा असेल, तर शंभरात अकरा चुकांवरून तीनवर आणल्याचा टप्पा सर्वांत वर आणि सर्वांत तपशिलात यावा. दुसरं गोदाम सुरू केल्याची ओळ त्याच्या लगेच खाली. विक्रीची ओळ तेव्हा एकच: ‘41 ग्राहक स्वतः जोडले, त्यामुळे ऑर्डर देणाऱ्याची गरज जवळून माहीत.’ म्हणजे विक्रीचा अनुभव ऑपरेशन्सच्या कामाला येतो, त्याच्याशी स्पर्धा करत नाही. उलट अर्ज विक्रीच्या जागेसाठी असेल, तर 41 हा आकडा वर जातो. त्यासोबत किती दिवसांची उधारी द्यावी लागे, वसुली कोण करे, एक ग्राहक जोडायला साधारण किती भेटी लागत, हे तपशील येतात, कारण विक्रीचा माणूस तेच विचारतो. गोदामाचा भाग मग ‘ग्राहक सोडून का जातात ते शोधलं आणि थांबवलं’ एवढा उरतो.

यात खोटं काही नाही. घटना त्याच, आकडे तेच, फक्त पहिली जागा कोणाला द्यायची हे बदलतं. तरीही अनेक जण एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवतात आणि तो सगळ्यांना चालावा म्हणून तिन्ही कामांना सारखीच जागा देतात. ज्याला गोदामासाठी माणूस हवा आहे, त्याला असा रेझ्युमे एक तृतीयांशच उपयोगाचा वाटतो.

नोकरीच्या संकेतस्थळांवर ही अडचण आणखी टोकदार होते. नोकरी डॉट कॉमसारख्या ठिकाणी भरती करणारे शब्द टाकून माणसं शोधतात. तिथल्या प्रोफाइलला रेझ्युमेचं शीर्षक आणि कौशल्यांची यादी असते. यादीत विक्री, भरती, गोदाम, मार्केटिंग, अकाउंट्स असं सगळं भरलं तर शोधात नाव जास्त वेळा येतं हे खरं, पण फोन कसले येतात ते पाहावं. एका आठवड्यात टेलिकॉलिंगसाठी, कन्सल्टन्सीत रिक्रूटर म्हणून आणि बॅक ऑफिससाठी असे तीन प्रकारचे फोन आले, तर समजावं की प्रोफाइल पसरलेलं आहे. ही खूण सहसा चुकत नाही. आणखी एक सोपी तपासणी आहे. आपलं क्षेत्र माहीत नसलेल्या एखाद्या मित्राला रेझ्युमे अर्धा मिनिट दाखवावा, परत घ्यावा आणि विचारावं, ‘मी कसली नोकरी शोधतोय?’ त्याने दोन पर्याय सांगितले किंवा तो अडखळला, तर वरच्या दोन ओळी पुन्हा लिहायच्या.

आकड्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त उमेदवार इथे पडतात. छोट्या कंपनीत वाढीचे आकडे फार मोठे दिसतात. 12 वरून 96 म्हणजे आठपट. ‘व्यवसाय आठपट वाढवला’ असं लिहायचा मोह होतो. अनुभवी मुलाखतकाराचा पहिला प्रश्न असतो, ‘यातलं तुमचं किती?’ तिथे उत्तर धूसर झालं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. म्हणून कंपनीचा आकडा आणि स्वतःचा आकडा वेगळे लिहावेत: कंपनीचे नवे ग्राहक 60, स्वतः जोडलेले 41. लहान आकडा मोठ्या आकड्यापेक्षा भक्कम असतो, कारण त्याच्यावरचे पुढचे पाच प्रश्न झेलता येतात. कोणती हॉटेलं, पहिली भेट कशी मिळाली, नकार देणारे काय म्हणत, कोणी आधीच्या पुरवठादाराला का सोडलं, पैसे किती दिवसांत येत. ज्याने काम केलं आहे त्याच्याकडे याची उत्तरं असतात आणि ती ऐकताना समोरच्याला खोली कळते. उलाढाल किंवा नफ्यासारखे आकडे गोपनीय असतील, तर रुपये न लिहिता प्रमाण लिहावं. जुन्या कंपनीची माहिती नव्या कंपनीपुढे उघडी करणारा माणूस उद्या आपलीही करेल, हा विचार मुलाखतकाराच्या मनात येतोच.

आणि मग पदाचं नाव. अपॉइंटमेंट लेटरवर ‘एक्झिक्युटिव्ह – ऑपरेशन्स’, पण प्रत्यक्षात ती सगळंच चालवत होती. म्हणून अनेक जण स्वतःच ‘हेड – ऑपरेशन्स’ किंवा ‘सह-संस्थापक’ लिहून टाकतात. हे धोक्याचं आहे. मोठी कंपनी नोकरी देताना पार्श्वभूमी तपासते. बाहेरची तपासणी कंपनी आधीच्या मालकाला पद, कालावधी आणि कधी पगारही विचारते, रिलीव्हिंग लेटर पाहते. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर कोणत्या काळात कोणाकडे नोकरी होती तेही दिसतं. पदाचं नाव जुळलं नाही, तर हातात आलेली ऑफर या एका कारणावरून परत जाऊ शकते, आणि तेव्हा ‘काम तेच होतं’ हे पटवून द्यायची संधी सहसा मिळत नाही. त्यामुळे कागदावरचं पद जसंच्या तसं लिहावं आणि त्याच्या पुढे साध्या शब्दांत कामाचा आवाका: ‘एक्झिक्युटिव्ह – ऑपरेशन्स, संस्थापकांना थेट रिपोर्टिंग, पहिल्या वर्षी विक्री, नंतर गोदाम आणि भरती.’ शक्य असेल तर कंपनी सोडतानाच संस्थापकांकडून अनुभवपत्रात कामाचं दोन-तीन ओळींचं वर्णन मागून घ्यावं. बरीच स्टार्टअप पुढे बंद पडतात आणि दोन वर्षांनी असं पत्र द्यायला कोणी उरत नाही.

रेझ्युमेतून मुलाखतीपर्यंत पोचल्यावर तोच प्रश्न तोंडी येतो. ‘तुम्ही इतकं सगळं केलंत, पण तुमचा नेमका हातखंडा कशात?’ या क्षणी ‘मला सगळंच आवडतं’ किंवा ‘मी पटकन शिकते’ ही उत्तरं ऐकायला प्रामाणिक वाटतात, पण प्रश्नाला बगल देतात. तिने साधारण असं म्हणावं: ‘सर, माझं मुख्य काम ग्राहक टिकवणारी व्यवस्था बसवण्याचं. ग्राहक मी स्वतः आणले, त्यामुळे ते का जातात हे मला लवकर दिसलं. कारण गोदामात होतं म्हणून मी गोदामात गेले, आणि ते माणसांमुळे होतं म्हणून भरती हातात घेतली. आज तुम्ही मला विचाराल, तर गोदामाची शिफ्ट आणि ऑर्डरची अचूकता यावर मी सर्वांत खोलात बोलू शकते.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आवाका सांगून झाल्यावर एक दार उघडून द्यायचं, ‘इथे विचारा’. मग त्या एका विषयावर पंधरा मिनिटं बोलण्याची तयारी हवी: क्रेटची पद्धत का निवडली, आधी कोणता उपाय फसला, दुसऱ्या माणसाने वजन तपासल्यामुळे गाड्या उशिरा निघू लागल्या का, ते कसं सोडवलं. फसलेल्या उपायाचा तपशील खरा अनुभव जितक्या लवकर ओळखीस आणतो, तितका यशाचा आकडा आणत नाही.

तिसऱ्या वर्षातली कामं सोपवण्याची गोष्ट याच ठिकाणी उपयोगी पडते. सर्वव्यापी माणसाबद्दल मुलाखतकाराच्या मनात एक न बोललेली शंका असते: ही व्यक्ती सगळीकडे हात घालते, पण काही उभं करून मागे ठेवते का? विक्रीसाठी कोणाला नेमलं, त्याला काय लिहून दिलं, सोपवल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत आकडे घसरले की टिकले, हे सांगता आलं तर ती शंका फिटते. अर्धवट सोडणं आणि सोपवून पुढे जाणं यातला फरक केवळ या तपशिलांत दिसतो, म्हणून ते रेझ्युमेत एक ओळ तरी घेऊन यावेत. सोपवलेलं काही नसेल, तर तेही ओळखून असावं. मग तिथे ‘पद्धत बसवली’ असा दावा न करता ‘स्वतः चालवलं’ असंच लिहावं.

हे सगळं जिथे चालत नाही, अशाही जागा आहेत. मोठ्या उत्पादक कंपनीत सप्लाय चेन मॅनेजर हवा असेल आणि जाहिरातीत आठ वर्षांचा सलग अनुभव मागितला असेल, तर तिथे मोजणी वर्षांची होते. तिच्या तीन वर्षांपैकी जेमतेम दीड वर्षच गोदामाचं धरलं जाईल. एचआरच्या वरिष्ठ जागेसाठीही तसंच. तिथे कामगार कायदे, वेतनरचना, पीएफ आणि ईएसआयची कागदपत्रं यांचा रोजचा सराव लागतो आणि तीस-चाळीस माणसं नेमल्याचा अनुभव त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा ठिकाणी मांडणी कितीही नेटकी केली तरी दार उघडणार नाही. ज्यांना तीच वाट हवी आहे, त्यांना एक पायरी खालच्या पदावर जाऊन त्या विषयात सलग दोन-तीन वर्षं काढावी लागतात. उलट नव्या शहरात पाय रोवणारी कंपनी, दुसऱ्या पिढीने हाती घेतलेला कौटुंबिक उद्योग, पन्नास-शंभर माणसांपर्यंत पोचलेलं स्टार्टअप, अशा ठिकाणी तिने केलेलं काम नेमकं लागतं, कारण त्यांच्याकडे हाच अडसर आत्ता उभा असतो. जाहिरातीत ‘शून्यातून उभं करणं’, ‘नवीन शहर’, ‘संस्थापकांसोबत थेट काम’ असे शब्द दिसले, तर अर्ज तिथे आधी जावा, आणि त्यासोबतच्या चार ओळींच्या पत्रात पहिलं वाक्य 15 हॉटेलं का गेली आणि ती गळती कशी थांबली याचं असावं.